वाचता येतं, पण ऐकू येत नाही: रशियनच्या बेसिक चाचणीसाठी चौदा आठवडे

*नमस्कार. मी 29 वर्षांची, नागपूरला औषध कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी रशियनचा प्राथमिक कोर्स केला, त्यानंतर घरीच अभ्यास. साडेतीन महिन्यांनी बेसिक पातळीची चाचणी द्यायची आहे. घड्याळ लावून एक नमुना पेपर सोडवला. व्याकरण-शब्दसंग्रहात 100 पैकी 68, वाचनात 30 पैकी 24, ऐकण्यात 30 पैकी फक्त 15 आले. लेखनाचं पत्र पंधरा मिनिटांत सोडून दिलं. रोज सव्वा तास मिळतो, रविवार घरच्यांचा. क्लास लावणं शक्य नाही. चारही भागांना सारखा वेळ देऊ का? आणि ऐकण्याचं नेमकं काय करू? दोन महिने रोज रशियन बातम्या लावते, तरी काही फरक नाही. – एक वाचक, नागपूर*

नमस्कार ताई,

सारखा वेळ देऊ नका. या चाचणीत चांगल्या भागाचे जादा गुण कच्च्या भागाला उसने मिळत नाहीत. बोलण्याचा धरून भाग पाच, आणि प्रत्येकात किमान 66 टक्के लागतात. सवलत एवढीच की एखाद्या भागात 60 ते 65 टक्के पडले आणि बाकीच्या चारांत 66 किंवा जास्त असले, तर चालतं. तुमच्या वाचनाचे 80 टक्के उद्या 95 झाले तरी निकालात काही बदलणार नाही. ऐकण्यात मात्र 15 चे 20 झालेच पाहिजेत. म्हणजे तुमचं खरं गणित पाच बरोबर उत्तरांचं आहे. शिवाय व्याकरणाचे 68 काठावरचे आहेत आणि लेखनाचा आकडा अजून माहीतच नाही.

वेळेचा हिशोब आधी करून टाकू. आठवड्याचे सहा दिवस, रोज 75 मिनिटं, चौदा आठवडे म्हणजे 105 तास. रोजच्या 75 मिनिटांचे 25-25 चे तीन तुकडे करा. पहिला तुकडा ऐकण्याचा, सहाही दिवस, आणि डोकं ताजं असेल तेव्हा. दुसरा व्याकरणाचा. तिसऱ्यात तीन दिवस लेखन, दोन दिवस वाचन, एक दिवस बोलणं. ऐकणं शनिवारी दोन तास सलग करून भरून काढता येत नाही, कारण कानाची सवय रोजच्या थोड्या थोड्या सरावानेच लागते आणि चार दिवस खंड पडला की उतरते.

पुढे रशियन शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्येक शब्द तुमच्या वहीत रशियन लिपीत उतरवून घ्या.

ऐकणं: बातम्या बंद करा

बातम्यांनी फरक पडला नाही, यात तुमचा दोष नाही. बेसिक पातळीसाठी साधारण 1300 शब्द धरलेले आहेत. बातम्यांचे बरेचसे शब्द त्याबाहेरचे असतात. न कळणारं बोलणं रोज अर्धा तास कानावरून गेलं की कान एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे दुर्लक्ष करायला.

आधी रोग ओळखा. तुमच्या नमुना पेपराच्या ध्वनिफितीचा छापील मजकूर पुस्तकाच्या शेवटी असतो. चुकलेल्या 15 प्रश्नांची वाक्यं त्यात शोधा आणि वाचून बघा. वाचल्यावर लगेच कळलं पण ऐकताना कळलं नव्हतं, तर त्यापुढे ‘क’ लिहा, म्हणजे कान. वाचूनही कळलं नाही तर ‘श’, म्हणजे शब्द. ऐकताना अर्थ कळला होता, तरी उत्तर चुकलं, तर ‘प’, म्हणजे पर्याय. छापील मजकुरावरून शिकलेल्या बहुतेकांच्या यादीत ‘क’ सर्वांत जास्त निघतात, आणि वाचनात 80 टक्के असलेल्या माणसाच्या तर नक्कीच. तुमची यादी अशीच निघाली तर नवे शब्द पाठ करून ऐकण्याचे गुण वाढणार नाहीत.

‘क’ चुका का होतात, तेही समजून घेऊ. मराठीत आपण जवळपास लिहितो तसं बोलतो, आणि प्रत्येक स्वर आपला आवाज राखतो. रशियनमध्ये ज्या अक्षरावर आघात तेवढंच ठळक, बाकीची अक्षरं विरघळतात. आघात नसलेला ‘ओ’ हा ‘अ’ होतो, म्हणून लिहायचं ‘मोलोको’ आणि ऐकू येतं ‘मलाको’. आघात नसलेला ‘ये’ हा ‘इ’कडे झुकतो, म्हणून ‘सेस्त्रा’ची ‘सिस्त्रा’ होते. शब्दाच्या शेवटी ‘द’चा ‘त’ आणि ‘ग’चा ‘क’ होतो: शहर म्हणजे ‘गोरद’ नव्हे ‘गोरत’, मित्र म्हणजे ‘द्रुग’ नव्हे ‘द्रुक’. सगळ्यात जास्त फसवतात ती एका अक्षराची शब्दयोगी अव्ययं. ‘बागेत’ म्हणायला कागदावर दोन शब्द दिसतात, कानावर एकच ‘फ्पार्क्ये’ पडतो. ‘शनिवारी’ म्हणजे ‘फ्सुबोतू’. शब्दकोशातला शब्द शोधत बसलेल्या कानाला ‘फ्’ने सुरू होणारा असा शब्द कुठे सापडणार?

आघाताने अर्थही बदलतो. ‘घरी’ म्हणजे ‘दोमा’, पहिल्या अक्षरावर आघात. तीच अक्षरं, आघात दुसऱ्यावर, की शब्द होतो ‘दमा’ आणि अर्थ ‘घरं’. (आपल्याला हा शब्द विसरणं अवघड आहे, तेवढाच फायदा.) म्हणून वहीत शब्द आघाताच्या खुणेशिवाय लिहायचाच नाही, असा नियम करा. जुने शब्दही खूण घालून पुन्हा लिहून काढा.

आता 25 मिनिटांत करायचं काय ते. तुमच्या पातळीचा एक मिनिटाच्या आतबाहेरचा संवाद घ्या, छापील मजकुरासकट. परीक्षेसारखा दोनदा ऐका आणि दोन ओळींत मराठीत लिहा की कोण, कुठे, कशाबद्दल बोलतंय. मग एकेक वाक्य थांबवून जसं ऐकू येईल तसं रशियनमध्ये लिहा. एक वाक्य तीनदाच ऐकायचं, चौथ्यांदा नाही. अडलं तिथे जागा मोकळी सोडा. मग मजकूर उघडा आणि लाल पेनने जुळवा. जिथे जागा मोकळी राहिली, तिथे वरच्यापैकी काय घडलं होतं ते समासात लिहा: स्वर बदलला, शेवटचं अक्षर बदललं, की दोन शब्द चिकटले. शेवटी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ध्वनिफितीबरोबर मोठ्याने वाचा, तिच्याच वेगाने. हे दोनदा. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला तोच संवाद मजकुराशिवाय एकदा ऐका आणि मगच नवा घ्या.

पहिला आठवडा फार कंटाळवाणा जाईल, एका मिनिटाच्या संवादाला सगळी 25 मिनिटं लागतील. पद्धत लागू पडतेय हे ओळखायची खूण म्हणजे मोकळ्या जागा. साधारण चौथ्या आठवड्यात त्या निम्म्या व्हायला हव्यात. झाल्या नाहीत तर बहुधा तुम्ही निवडलेला मजकूर अवघड आहे. वाचून दहातले नऊ शब्द ओळखता येतील एवढाच घ्या.

‘प’ चुकांचा उपाय वेगळा आहे. बेसिक पातळीला ऐकण्याचे उतारे साधारणपणे दोनदा ऐकवतात, आणि आधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात रशियन पर्यायांच्या शेजारी पेन्सिलने एका शब्दात मराठी खूण करा: ‘कुठे’, ‘कधी’, ‘कोण’. पहिल्या वेळी फक्त गोष्ट समजून घ्या, दुसऱ्या वेळी खुणांची उत्तरं पकडा. शिकणारे उलटं करतात. पहिल्याच वाक्याला उत्तर शोधतात, एक प्रश्न निसटला की त्यावर अडून बसतात आणि पुढचे तीन घालवतात.

आकडे आणि वेळा यांना मात्र स्वतंत्र सराव लागतो. नऊ ‘द्येवित’ आणि दहा ‘द्येसित’ यांत एकाच व्यंजनाचा फरक आहे. पंधरा ‘पित्नात्सत’ आणि पन्नास ‘पिदिस्यात’ यांत आघात कुठे पडतो ते ऐका, पंधरामध्ये मधे, पन्नासमध्ये शेवटी. घड्याळात आपल्याला एक सापळा आहे. ‘पलवीना वस्मोवा’ म्हणजे शब्दशः ‘आठव्याचा अर्धा’, अर्थात साडेसात. कानाला ‘आठ’ ऐकू येतो आणि मराठी माणूस साडेआठच्या पर्यायावर खूण करतो. गंमत अशी की पावणेआठच्या वेळी रशियन आपल्यासारखाच पुढच्या तासावरून मोजतो, ‘बिस पित्नात्सती वोसिम’, म्हणजे ‘पंधरा कमी आठ’. तेव्हा नियम असा धरा की साडे म्हणताना रशियन पुढचा तास बोलतो. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं, स्वतःच्या आवाजात घड्याळाच्या वीस वेगवेगळ्या वेळा रेकॉर्ड करून ठेवा आणि तीन दिवसांनी ऐकून आकड्यांत लिहा.

व्याकरण: मराठी जिथे पाय ओढते

या भागात शंभराच्या आसपास प्रश्न आणि 50 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला अर्धा मिनिट. नियम आठवून, तक्ता डोळ्यांसमोर आणून सोडवायला वेळ नसतो. नेमका आकडा वेगवेगळ्या विद्यापीठांच्या पेपरांत थोडा बदलतो, म्हणून तुमच्या केंद्रावर कोणत्या संस्थेचा पेपर असतो ते आजच विचारा आणि नमुने त्याच संस्थेचे वापरा.

सगळं व्याकरण पुन्हा पहिल्यापासून काढू नका. 32 चुका आहेत, त्या विषयवार लावा. मराठी भाषकांच्या चुका कुठे साठतात ते ठरलेलं आहे, म्हणून त्या तीन जागांना आम्ही इथे जास्त जागा देतो.

पहिली जागा म्हणजे आपला ‘-त’. ‘मी शाळेत आहे’ आणि ‘मी शाळेत जाते’, दोन्हीकडे ‘शाळेत’. रशियन इथे दोन विभक्ती वापरतो. असण्यासाठी सप्तमी, ‘फ्श्कोल्ये’. जाण्यासाठी द्वितीया, ‘फ्श्कोलू’. माणसांचंही तसंच. ‘डॉक्टरकडे आहे’ आणि ‘डॉक्टरकडे जाते’ यांत आपल्याला एकच ‘कडे’ पुरतो. रशियनमध्ये आहे ते ‘ऊ व्राचा’, जाणं ते ‘क व्राचू’. मराठीतून विचार करणारा इथे हटकून चुकतो, कारण आपल्या मनात हा प्रश्नच उभा राहत नाही. तो मुद्दाम उभा करायला शिका: क्रियापद दिसलं की आधी ‘ग्द्ये’ (कुठे आहे) की ‘कुदा’ (कुठे चाललं) ते ठरवायचं, मग शब्दाकडे बघायचं. सरावासाठी बारा ठिकाणं निवडा, त्यांतली पाच ‘व’ घेणारी (शाळा, दुकान, थिएटर अशी), पाच ‘ना’ घेणारी (काम, पोस्ट, स्टेशन अशी) आणि दोन माणसं. प्रत्येकाची तीन रूपं: तिथे आहे, तिथे जाते, तिथून येते. छत्तीस चिठ्ठ्या होतात. मराठी बाजू वर ठेवा, पिसा, आणि चिठ्ठीला तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ती पुन्हा ढिगात.

दुसरी जागा आपला ‘-ला’. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोघींनाही तोच प्रत्यय आहे: ‘भावाला बघते’, ‘भावाला मदत करते’. रशियनमध्ये पहिलं ‘वीझू ब्राता’, दुसरं ‘पमगायू ब्रातू’. बहिणीचं ‘वीझू सिस्त्रू’ आणि ‘पमगायू सिस्त्र्ये’. हा घोटाळा तक्ता पाठ करून सुटत नाही, कारण तक्ता येत असतो, कोणती विभक्ती हवी तेच चुकतं. उपाय एकच. क्रियापद एकटं पाठ करायचं नाही, त्याच्याबरोबर ‘भाऊ’ जोडून करायचं. बघणं, वाट बघणं, ओळखणं, विचारणं यांना ‘ब्राता’. देणं, सांगणं, मदत करणं, फोन करणं, उत्तर देणं यांना ‘ब्रातू’. ‘विचारणं’ आणि ‘उत्तर देणं’ वेगवेगळ्या रांगेत आहेत, हे लक्षात ठेवा.

याच जागी मराठीचा एक फायदाही आहे. ‘मी पुस्तक बघते’ पण ‘मी मुलाला बघते’, म्हणजे निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला आहे, हा फरक आपल्या हाडात आहे. रशियनमध्ये पुल्लिंगी नामांच्या द्वितीयेत हाच फरक पडतो: घर बघितलं तर ‘वीझू दोम’, शब्द जसाच्या तसा, आणि भाऊ बघितला तर ‘ब्राता’. इतर भाषांतून आलेल्यांना हे घोकावं लागतं. तसंच ‘मला आवडतं’. ‘म्न्ये न्रावित्सा एता क्नीगा’ हे वाक्य ‘मला हे पुस्तक आवडतं’च्या घडणीचंच आहे, मला चतुर्थी आणि पुस्तक प्रथमा. ते इंग्रजीवरून शिकू नका, थेट मराठीवरून शिका.

तिसरी जागा क्रियापदाची पूर्ण-अपूर्ण जोडी. ‘चिताला’ आणि ‘प्रचिताला’ यांना ‘वाचत होते’ आणि ‘वाचून काढलं’ असं धरलं की बऱ्याच वेळा जमतं. ‘रोज’, ‘नेहमी’, ‘बराच वेळ’ असले शब्द दिसले की अपूर्ण, ‘अचानक’, ‘शेवटी एकदाचं’, ‘लगेच’ दिसले की बहुधा पूर्ण. सुरू करणे, संपवणे, चालू ठेवणे या क्रियापदांनंतर येणारं क्रियापद नेहमी अपूर्णच, हे तर फुकटचे गुण आहेत. पण ‘तू हे पुस्तक वाचलंस का?’ या साध्या चौकशीत मराठी ‘वाचलंस’ म्हणते आणि आपण पूर्ण रूपाकडे धावतो. वाचन कधी घडलंय का एवढंच विचारायचं असेल तर रशियन अपूर्ण रूप घेतो. शेवटपर्यंत वाचून झालं का, हे विचारायचं असेल तरच पूर्ण.

‘इदू’ आणि ‘खझू’ ही चालण्याची जोडी ‘जातेय’ आणि ‘जात असते’ अशी लावली की सुटते. वाहनाने असेल तर ‘येदू’ आणि ‘येज्झू’. याला दोन दिवस पुरेत.

पहिले पाच आठवडे या तीन जागांवर घाला. सहाव्यापासून रोज 25 प्रश्न 12 मिनिटांत, आणि उरलेल्या वेळात फक्त चुकलेल्यांची कारणं.

लेखन: पन्नास मिनिटं कशी खर्चायची

तुम्ही पत्र सोडलं, कारण मराठीत वाक्य तयार करून त्याचं भाषांतर करायला बसलात, असा आमचा अंदाज आहे. 29 वर्षांच्या माणसाच्या मराठी वाक्याला 1300 शब्दांचं रशियन पुरत नाही. इथे उलटी चाल लागते: मला जे म्हणता येतं तेच मी म्हणणार.

बेसिक पातळीचं पत्र सहसा मित्राला लिहायचं असतं, आणि त्यात काय सांगायचं याचे प्रश्न दिलेले असतात. किमान किती वाक्यं हवीत तेही सूचनेत छापलेलं असतं. ते प्रश्न हाच तुमचा आराखडा. समजा, विषय आहे ‘तुमचं शहर’, आणि प्रश्न आहेत: कुठे राहता, शहर कसं आहे, तिथे काय बघता येतं, मोकळ्या वेळात कुठे जाता, मित्राने कधी यावं. पाच प्रश्न, प्रत्येकी चार छोटी वाक्यं, म्हणजे वीस. पहिली पाच मिनिटं फक्त यांवर, प्रत्येक प्रश्नाखाली तीन-चार रशियन शब्द टिपायचे, मराठी अक्षरही नाही. पुढची तीस मिनिटं लिहायचं. उरलेली पंधरा तपासायची, आणि ती कशालाही द्यायची नाहीत.

तुमच्या शहराचा एक फायदा आहे. ‘नागपूर’ला रशियनमध्ये नेहमीचे पुल्लिंगी प्रत्यय लागतात: ‘या झिवू व्नाग्पुर्ये’ (मी नागपुरात राहते), ‘या इज नाग्पुरा’ (मी नागपूरची). याउलट मुंबई आणि गोवा ही नावं रशियनमध्ये बदलत नाहीत, ‘व मुंबई’ तसंच राहतं. वय सांगताना 29 ला ‘ल्येत’ हवं: ‘म्न्ये द्वात्सत द्येवित ल्येत’. 22, 23, 24 ला ‘गोदा’ आणि 21 ला ‘गोत’, म्हणजे शेवटचा आकडा बघायचा. फक्त 11 ते 14 या नियमातून सुटतात, त्यांना ‘ल्येत’च.

तपासणी एका वाचनात करू नका, डोळा आपल्याच चुका गिळतो. पाच फेऱ्या करा, दर फेरीत एकच गोष्ट. पहिल्या फेरीत प्रश्नांशी ताडून बघा, एखादा राहिला का. दुसरीत भूतकाळाची क्रियापदं. इथे मराठी एक खास खोडी काढते. ‘मी पत्र लिहिलं’, यात क्रियापद पत्राच्या मागे जातं. रशियनमध्ये ते नेहमी कर्त्याच्या मागे जातं. तुम्ही बाई आहात, म्हणून ‘या नपिसाला पिस्मो’. पत्र नपुंसकलिंगी असलं तरी त्याचा इथे संबंध नाही, आणि पुस्तकातून उतरवलेलं ‘नपिसाल’ हे पुरुषाचं रूपही तुमच्या पत्रात चालणार नाही. तिसऱ्या फेरीत ‘व’ आणि ‘ना’ नंतरचे सगळे शब्द, ‘ग्द्ये’ की ‘कुदा’. चौथीत ‘न्येत’ (नाही) आणि आकड्यांनंतरची षष्ठी: ‘माझ्याकडे वेळ नाही’ म्हणजे ‘ऊ मिन्या न्येत व्र्येमिनी’. पाचवीत पत्राचा साज, सुरुवातीचं संबोधन, शेवटचा निरोप, आणि मित्राला सुरुवातीला ‘ती’ (तू) म्हटलं असेल तर शेवटीही तेच. मधेच ‘वी’ (तुम्ही) आलं तर तोही दोष.

पाठ केलेलं तयार पत्र नेऊ नका. विषय थोडा वळला की दोन प्रश्नांची उत्तरं राहतात, आणि परीक्षकाला पाठांतर लगेच कळतं. त्याऐवजी कुटुंब, शहर, नोकरी, सुट्टी, मित्र आणि दिनक्रम या सहा विषयांवर प्रत्येकी चार-पाच पक्की वाक्यं तयार ठेवा आणि त्यांतून जोडा. तपासायला कुणी नसेल तर लिहिलेलं पत्र तीन दिवस बंद ठेवा आणि मग पाच फेऱ्या करा. तीन दिवसांनी बऱ्याच चुका स्वतःलाच दिसतात. महिन्यातून एकदा तरी जाणकाराकडून दोन पत्रं तपासून घ्या, क्लास नको, नुसती तपासणी.

पेपर कागदावर असेल तर रशियन हस्ताक्षराचा सराव आजच सुरू करा. छापील ‘त’ हा हस्ताक्षरात इंग्रजी छोट्या ‘एम’सारखा आणि ‘द’ हा ‘जी’सारखा दिसतो. ‘इ’, ‘श’, ‘ल’, ‘म’ सलग आले की नुसत्या दांड्या दिसतात. मोबाइलवर टाइप करून सराव केलेल्यांना परीक्षेत वीस वाक्यं हाताने लिहायला दुप्पट वेळ लागतो.

वाचन आणि शब्द

वाचनाला आठवड्यात दोन तुकडे पुष्कळ आहेत, आणि तेही दुसऱ्या कामाला जुंपा. वाचनाच्या आणि लेखनाच्या भागात या पातळीला शब्दकोश जवळ ठेवू देतात, पण तो कागदी असतो आणि त्यात मूळ रूपच सापडतं. उताऱ्यात ‘ल्यूदी’ (माणसं) दिसलं आणि एकवचनी ‘चिलव्येक’कडे जायला हवं, ‘ल्येत’ दिसलं आणि ‘गोत’ (वर्ष) शोधायला हवं, हे माहीत नसेल तर शब्दकोश वेळच खातो. एका शब्दाला मिनिट जातं असं धरा आणि 50 मिनिटांत आठ शब्दांवर जाऊ नका. प्रश्नाशी संबंध नसलेला शब्द शोधायचाच नाही.

1300 शब्दांपैकी सुमारे 780 प्राथमिक पातळीचे, ते तुम्ही एकदा शिकला आहात. उरलेले 520 पहिल्या दहा आठवड्यांत, म्हणजे साठ दिवसांत, रोज नऊ. ते 75 मिनिटांत बसवू नका, येण्या-जाण्याच्या वेळात करा.

बोलण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पाचवा भाग तोही आहे. तिसऱ्या तुकड्यातल्या त्या एका दिवशी आठवड्यात लिहिलेलं पत्र कागद न बघता मोठ्याने सांगा आणि रेकॉर्ड करा. मग ऐकण्याच्या सरावातल्या एका संवादात एका माणसाची वाक्यं तुम्ही घ्या. यापेक्षा वेगळी तयारी या भागाला सुरुवातीला लागत नाही.

नमुना पेपर जपून वापरा

न उघडलेले तीन नमुने बाजूला ठेवा. पाचव्या, दहाव्या आणि तेराव्या आठवड्याच्या शेवटी एकेक, एका बैठकीत, घड्याळ लावून. रविवारची सकाळ तीनदा घरच्यांकडून मागून घ्यावी लागेल.

पाचव्या आठवड्यात ऐकण्यात 18 च्या आत असाल आणि व्याकरण 72 च्या पुढे गेलं असेल, तर व्याकरणाची दहा मिनिटं कापून ऐकण्याला द्या. दहाव्या आठवड्यात ऐकणं 20 ला पोचलं पण पत्र वेळेत पुरं होत नसेल, तर वाचनाचे दोन्ही तुकडे लेखनाला द्या. वाचन 24 वरून 22 वर आलं तरी ते सुरक्षितच आहे. तेराव्या आठवड्यात ऐकण्यात 22 हवेत, 20 नाही. परीक्षेच्या खोलीत स्पीकर लांब असतो आणि घरचे हेडफोन नसतात, म्हणून दोन गुण जादा बाळगा. शेवटचे तीन आठवडे हेडफोन काढून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल ठेवून ऐका. तेराव्या आठवड्यातही 18 च्या खाली असाल, आणि शुल्क भरलं नसेल, तर तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं.

नमुने सोडवताना उत्तरं वेगळ्या उत्तरपत्रिकेवरच नोंदवा, पुस्तकात खुणा करून मोकळं होऊ नका. प्रत्यक्षात प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका वेगवेगळ्या असतात. व्याकरणात एक प्रश्न सोडून पुढे गेलात आणि त्याची ओळ मोकळी ठेवायची राहिली, तर तिथून खालची सगळी उत्तरं एका ओळीने सरकतात. दर दहाव्या प्रश्नाला क्रमांक जुळवून बघा. अडलेल्या प्रश्नावरही एक खूण करून पुढे जा.

चौदाव्या आठवड्यात नवं काही उघडू नका. रोज दोन जुने संवाद, छत्तीस चिठ्ठ्यांची एक फेरी, आणि लाल पेनाच्या वहीतल्या समासातल्या टिपा.